चेहरा किती मिलिमीटरचा?

जनहिताच्या व्हिडिओत सांकेतिक भाषेचा दुभाषी असावा, ही अट आता बऱ्याच कामांच्या पत्रकात लिहिलेली असते. तो पडद्यावर कुठे, केवढा आणि किती वेळ दिसावा, याबद्दल मात्र त्या पत्रकात ओळही नसते. ते ठरतं एडिटच्या टेबलावर, बहुतेकदा शेवटच्या रात्री. व्हिडिओ तयार झालेला असतो, मग उजव्या कोपऱ्यात रिकामी जागा शोधून एक वर्तुळ चिकटवलं जातं. माझं काम त्याच टेबलावरचं आहे, त्यामुळे पुढचे बोलही तिथलेच. उदाहरण मुख्यतः एकच घेतो. एका स्वयंसेवी संस्थेसाठी आम्ही पंचगंगेच्या पुराबद्दल दीड मिनिटाचा व्हिडिओ केला होता. पाणी कुठवर आलं की काय करायचं, एवढाच त्याचा विषय.

१. चौकट मोजू नका, चेहरा मोजा.

दुभाषी केवढा दाखवायचा याचं उत्तर टक्क्यांत किंवा पिक्सेलमध्ये दिलं जातं. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने म्हटलं आहे की दुभाष्याचं चित्र साधारणपणे पडद्याच्या उजवीकडे असावं आणि त्याने चित्राच्या सहाव्या हिश्शापेक्षा कमी जागा घेऊ नये. हा दंडक उपयोगी आहे, पण तो दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी आहे. आपला पूरग्रस्त माणूस व्हिडिओ बघतो फोनवर, तोही बहुधा फोन उभा धरून.

म्हणून मी हिशोब उलट्या बाजूने करतो. उभ्या फोनच्या पडद्याची रुंदी साधारण सात सेंटिमीटर असते. आडवा व्हिडिओ त्या सात सेंटिमीटरमध्ये बसतो, म्हणजे १९२० पिक्सेल सात सेंटिमीटरमध्ये. दुभाष्याच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा आणि खाली कंबर, एवढं धरायचं तर प्रत्यक्षात सुमारे ११० सेंटिमीटर उंची लागते. दोन्ही कोपरं बाहेर काढली की रुंदी ९५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा साधारण २३ सेंटिमीटरचा. आता नेहमीचं ३०० पिक्सेलचं वर्तुळ घ्या. त्यात हा सगळा माणूस हात न कापता बसवला, तर फोनवर त्याचा चेहरा दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. सहाव्या हिश्शाची चौरस चौकट घेतली तर तो साडेचार मिलिमीटर होतो.

चेहऱ्याचा एवढा आग्रह का? ऐकणाऱ्या माणसाला वाटतं की भाषा हातात आहे आणि चेहरा भाव दाखवायला आहे. भारतीय सांकेतिक भाषेत ‘हो की नाही’ असा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो. नकाराला मानेची हालचाल जोडलेली असते. एकाच खुणेचे दोन अर्थ ओठांच्या हालचालीवरून वेगळे होतात. दोन मिलिमीटरच्या चेहऱ्यात भुवया दिसत नाहीत. मग ‘तुमच्या घरात पाणी आलं आहे का?’ हा प्रश्न ‘तुमच्या घरात पाणी आलं आहे’ असा पोचतो.

पाच मिलिमीटरच्या खाली चेहरा गेला की मी एडिट पुढे नेत नाही. हा आकडा कुठल्या नियमातला नाही. कर्णबधिर मित्रांना फोन हातात देऊन, तो ते डोळ्यांजवळ ओढतात की नाही, हे बघत मी त्यावर आलो. पट्टी सरळ फोनच्या काचेवर ठेवावी. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

२. कापलं जातं ते वरून नाही, बाजूने.

चेहरा मोठा हवा म्हटलं की कॅमेरामन पुढे येतो, चौकट घट्ट करतो आणि कोपरं बाहेर जातात. वर्तुळाचा त्रास हाच आहे. ते दिसायला गोड असतं, पण हात जातात ते नेमके त्याच्या कापलेल्या चार कोपऱ्यांत. ‘पूर’, ‘मोठा’, ‘सगळीकडे’ असल्या खुणा पसरट असतात. त्या अर्ध्या दिसल्या तर बघणारा अंदाज बांधत बसतो आणि तोवर पुढचं वाक्य सुटतं.

वर्तुळ टाळणारे लोक मग उभी अरुंद पट्टी करतात. ६४० पिक्सेल रुंद आणि पूर्ण उंचीची पट्टी कागदावर भरपूर वाटते, कारण ती पडद्याचा तिसरा हिस्सा घेते. पण रुंदीला ९५ सेंटिमीटर बसवायचे असल्याने माणूस लहान करावा लागतो, आणि डोक्यावर व पायाशी नुसती भिंत उरते. जागा तिसरा हिस्सा खाऊनही चेहरा साडेपाच मिलिमीटरच्या जवळपासच राहतो. इथे उंचीपेक्षा रुंदी महाग आहे, ही गोष्ट मोजल्याशिवाय लक्षात येत नाही.

पुराच्या व्हिडिओसाठी आम्ही शेवटी असं केलं. दुभाष्याला उजवीकडे ७६८ पिक्सेल रुंदीचा पूर्ण उंचीचा भाग दिला. डावीकडे वरच्या बाजूला मूळ चित्र ११५२ गुणिले ६४८ एवढं लहान करून ठेवलं. त्याच्याखाली ४३२ पिक्सेलची पट्टी उरली, ती मथळ्यांना आणि आकड्यांना दिली. दुभाष्याचा चेहरा जवळजवळ सात मिलिमीटर झाला. काहीही कशावरही चढवलेलं नव्हतं. मूळ चित्र लहान करणं आणि मूळ चित्राचा तुकडा दुभाष्याने झाकणं यांत मला पहिलंच बरं वाटतं, कारण झाकलेल्या तुकड्यात नेमकं काय होतं हे बघणाऱ्याला कधीच कळत नाही.

संस्थेतल्या लोकांची तक्रार आली की आमचे ड्रोनचे शॉट बारीक झाले. झालेच होते. रुंदी साठ टक्के झाली की क्षेत्रफळ छत्तीस टक्क्यांवर येतं. पण पुराच्या पाण्याचा ड्रोन शॉट लहान झाल्याने कुणाचं काही अडत नाही, आलेखातली अक्षरं लहान झाली तर अडतं. ती सगळी आम्ही नव्याने, मोठी करून लिहिली.

३. बघणाऱ्याला डोळ्यांची जोडी एकच असते.

या एका बोलाला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन देतो. ऐकणारा माणूस कानाने निवेदन घेतो आणि त्याच वेळी डोळ्यांनी चित्र बघतो. कर्णबधिर माणसाला हात बघायचे की आकडा बघायचा, यातलं एक निवडावं लागतं. म्हणजे दुभाषी कुठे आहे या प्रश्नाचा अर्धा भाग जागेचा आहे, अर्धा वेळेचा.

आमच्या व्हिडिओतलं मुख्य वाक्य असं होतं: राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की ती इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, ३९ ला सामान बांधा, ४३ ची वाट पाहू नका. पहिल्या कच्च्या एडिटमध्ये निवेदक ‘३९’ म्हणताच पाण्याची रंगीत पट्टी ३९ वर चढत होती आणि ‘४३’ म्हणताच लाल होऊन पुढे सरकत होती. आवाजाबरोबर बघितलं तर झकास. पण दुभाषी वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय सुरू करू शकत नाही, तो आवाजाच्या काही सेकंद मागे असतो. त्याच्या हातात ३९ येईपर्यंत शेजारी पडद्यावर ४३ लाल चमकत होते. आवाज बंद करून बघणाऱ्याने यातला कुठला आकडा खरा धरायचा?

दुसरा धोका वाक्याच्या शेपटीत होता. भारतीय सांकेतिक भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, ‘कधी’, ‘कुठे’ हे प्रश्नशब्दही शेवटी येतात. एडिटर आवाजावर कात्री चालवतो. निवेदकाचं वाक्य संपलं, पुढचं दृश्य आलं, की दुभाष्याची क्लिपही तिथेच तोडली जाते. तुटतं नेमकं शेवटचं. ‘४३ ची वाट पाहू नका’ मधलं ‘नका’ गेलं तर उरतं ‘४३ ची वाट पाहा’. पूर आलेल्या गावात हे वाक्य काय करेल याचा विचार करा.

म्हणून आम्ही कामाचा क्रम फिरवला. आधी दुभाष्याचं संपूर्ण चित्रीकरण, मग त्याच्या लयीवर चित्रं बसवायची, आणि निवेदन सगळ्यात शेवटी, जिथे गरज पडेल तिथे थांबत. पातळीची पट्टी हलणारी न ठेवता स्थिर केली. ३९ आणि ४३ या दोन्ही खुणा सुरुवातीपासून काढलेल्या. ती पडद्यावर आली की दुभाषी हात खाली घेतो, स्वतः तिच्याकडे बघतो आणि सेकंद-दीड सेकंद तसाच थांबतो. त्याची नजर तिकडे गेली की बघणाऱ्याचीही जाते आणि वाचून परत येते. मग हात सुरू होतात, आणि हात चालू असताना शेजारी काहीही हलत नाही. दीड मिनिटाचा व्हिडिओ दोन मिनिटांच्या पुढे गेला. जाहिरातीच्या स्लॉटसाठी तो कापा, असं सांगण्यात आलं तेव्हा आम्ही मजकूर कमी केला, वेग वाढवला नाही.

हा क्रम पाळला की आणखी एक दार उघडतं. थेट प्रक्षेपण असेल तर सहसा ऐकू येणारा दुभाषीच लागतो. पण व्हिडिओ आधी चित्रित होणार असेल, संहिता दोन दिवस आधी हातात असेल, तर सांकेतिक भाषा हीच ज्याची पहिली भाषा आहे असा कर्णबधिर निवेदकच कॅमेऱ्यासमोर उभा करता येतो. दुभाषी कॅमेऱ्यामागे राहून त्याला मदत करतो. खुणांचा कस लगेच वेगळा जाणवतो. शिवाय गावांच्या, पुलांच्या, चौकांच्या स्थानिक खुणा त्या भागातल्या कर्णबधिर लोकांनाच माहीत असतात. बाहेरून आलेला दुभाषी ते नाव बोटांनी एकेक अक्षर करून लिहितो. आपली बोटांची अक्षरं दोन हातांची आहेत, छातीशी बारीक हालचालीत होतात, आणि लहान चौकटीत सगळ्यात आधी तीच वाचता येईनाशी होतात. कोल्हापूरच्या कर्णबधिर मंडळींना विचारून घेतलेल्या खुणा आणि खालच्या पट्टीत छापलेलं नाव, हे दोन्ही मी एकाच वेळी ठेवतो.

४. उजवं-डावं आधी ठरवा.

दुभाषी पडद्याच्या उजवीकडे असेल तर नकाशा त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला येतो. बहुतेक लोक उजव्या हाताने खुणा करतात, त्यामुळे नकाशाकडे दाखवताना हात स्वतःच्या अंगावरून आडवा न्यावा लागत नाही. डावखुरा दुभाषी असेल तर मी बाजू बदलायचा विचार करतो. काय ठरेल ते ठरो, पण चित्रीकरणाआधी ठरावं, कारण तो हवेत जागा मांडत असतो. नदी इथे, गाव तिकडे, निवारा पलीकडे, आणि पुढची सगळी वाक्यं त्या मांडणीवर चालतात.

एडिटमध्ये कुणाला तरी वाटतं की दुभाषी डावीकडे जास्त शोभेल. मग चित्र आरशासारखं उलटवलं जातं, म्हणजे नजर आतल्या बाजूला राहते. सोपा उपाय वाटतो. त्यात माणूस डावखुरा होतो, हे एक वेळ चालेल. पण ‘पुलाच्या उजवीकडच्या शाळेत जा’ हे ‘डावीकडच्या’ होतं. उलटवू नये.

५. हात धूसर झाले तर मोठी चौकटही फुकट.

सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ही आपली सवय. त्यात चालणाऱ्या हाताला शेपूट फुटतं आणि बोटं एकमेकांत मिसळतात. ५० फ्रेम आणि १/१०० वर गेलं की बोटं सुटी दिसतात. प्रकाश दुप्पट लागतो, एवढीच किंमत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने १/१०० वर दिव्यांची लपलपही येत नाही.

हिरवा पडदा मी सोडून दिला आहे. वेगाने फिरणाऱ्या बोटांच्या कडा धूसर असतात, त्यात हिरवा मिसळतो आणि क्रोमा तो काढताना बोटंच खातो. दुभाष्याला स्वतंत्र आयताकृती भाग दिला असेल तर त्याला कापून काढायची गरजच नाही. साधी राखाडी-निळी भिंत पुरते. अंगात त्वचेपेक्षा वेगळ्या रंगाचा एकरंगी कपडा असावा, हातात बांगड्या नसाव्यात, केस कपाळावर येऊ नयेत. एवढं फोनवर सांगितलं की पुरतं.

६. तुम्ही रिकामी ठेवलेली जागा दुसरा कुणीतरी भरतो.

आपण व्हिडिओ पाठवतो, वाहिनी त्यावर खालून पळणारी बातम्यांची पट्टी टाकते आणि दुभाष्याचे हात मनगटापर्यंत बुडतात. यूट्यूबचे मथळे तळाशी मध्यभागी येतात. इन्स्टाग्रामच्या उभ्या व्हिडिओत उजव्या कडेला चिन्हांची रांग असते आणि तळाशी खात्याचं नाव व मजकूर. म्हणजे आडव्या व्हिडिओत सगळ्यात चांगली असलेली उजवी बाजू उभ्या व्हिडिओत सगळ्यात वाईट. आडव्याचा उभा करताना यंत्राला मधला भाग घ्यायला सांगितलं तर दुभाषी सरळ कापलाच जातो.

उभ्यासाठी मी वेगळं एडिट करतो. मूळ चित्र वर, पूर्ण रुंदीचं. त्याच्याखाली दुभाषी, तोही पूर्ण रुंदीचा, थोडा डावीकडे सरकवलेला. तळाचा पाचवा हिस्सा त्याच भिंतीच्या रंगाने मोकळा. इथे रुंदीचा प्रश्नच उरत नाही, चेहरा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जातो. खरं म्हणजे दुभाष्यासाठी उभा व्हिडिओच सोयीचा, पण वाहिन्यांना आडवा लागतो. दुभाष्याची मूळ फाइल, काही न चढवलेली, मी नेहमी वेगळी जपून ठेवतो. पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी तिसराच आकार मागतं.

७. मंचावर उभा केला म्हणजे पडद्यावर आला असं नाही.

पत्रकार परिषदेत अधिकाऱ्याच्या शेजारी दुभाषी उभा असतो, कॅमेरामन सवयीने अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. दुभाष्याचा एक खांदा चौकटीत राहतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात इंग्लंडमध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानातल्या सरकारी निवेदनांत मंचावर दुभाषी नसे, स्कॉटलंडच्या निवेदनांत असे. तिथल्या कर्णबधिरांनी ‘दुभाषी कुठे आहे?’ अशी मोहीमच चालवली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. २०२१ च्या निकालात, जी दोन निवेदनं अजिबात दुभाष्याविना झाली ती भेदभावाची ठरली. मात्र मंचाऐवजी प्रक्षेपणात पडद्यावर दुभाषी दाखवणं न्यायालयाने बेकायदा ठरवलं नाही.

कायद्याचं असेल ते असो, एडिटच्या बाजूने मला मंचावरचा दुभाषी सरस वाटतो. पडद्यावर चढवलेला दुभाषी एका वाहिनीपुरता असतो, दुसरी वाहिनी किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारी क्लिप त्याच्याशिवाय जाते. पण त्यासाठी एक कॅमेरा तिकाटण्यावर बांधून, दोघांना कमरेपर्यंत धरून, कुणीही हात न लावता चालू राहिला पाहिजे. दोघांमध्ये हातभर अंतर, मागचा पडदा साधा, मागे-पुढे करणारे मदतनीस बाजूला. आयत्या वेळी हे सांगून होत नाही. जमिनीवर चिकटपट्टीने जागा आखून ठेवावी लागते.

८. ‘कळलं का?’ असं विचारू नका.

सगळे हो म्हणतात. कर्णबधिर माणसं तर जास्तच, कारण आयुष्यभर त्यांना हा प्रश्न अर्धवट कळलेल्या गोष्टींबद्दल विचारला गेलेला असतो. आम्ही व्हिडिओ फोनवर, एकदाच, आवाजाशिवाय दाखवतो आणि दुभाष्यामार्फत विचारतो: सामान कधी बांधणार? घर कधी सोडणार? पुलावर पाणी असेल तर? कच्च्या एडिटवर ‘घर ४३ ला सोडायचं’ असं उत्तर आलं होतं, स्थिर पट्टीवाल्या एडिटवर ते आलं नाही. चाचणीला तरुणांबरोबर म्हातारी माणसं आणि शाळेत न गेलेली माणसंही बोलवावीत. खेड्यातल्या काहींना शाळेत शिकवली जाणारी सांकेतिक भाषा येतच नाही, घरातल्या खुणांवर त्यांचं चालतं. त्यांना दुभाष्यापेक्षा बांधलेल्या बोचक्याचं आणि पाण्याखालच्या पुलाचं साधं चित्र जास्त सांगून गेलं. उलट, ज्यांना उतारवयात ऐकू येईनासं झालं, त्यांना हात कळले नाहीत, मथळे कळले. तेव्हा दुभाषी आला म्हणून मथळे काढता येत नाहीत आणि मथळे आहेत म्हणून दुभाषी लहान करता येत नाही.

अशाच एका चाचणीत शेवटची चौकट आली. दुभाष्याचा भाग ठाकठीक, खालच्या पट्टीत नियंत्रण कक्षाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत, दुभाषी नीट त्याच्याकडे नजर टाकून थांबलेला. एका बाईंनी हात वर केला आणि विचारलं, या नंबरवर फोन करून मी काय करू? एवढ्या मोजमापात हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. संस्थेने मग मेसेज आणि व्हिडिओ कॉल घेणारा एक व्हॉट्सॲप नंबर मिळवला, त्यावर रात्री कोण बसणार हे ठरवून घेतलं, आणि त्या पट्टीत आधी तो नंबर टाकला, फोनचा त्याच्याखाली.